मुक्तागिरीची गाडी पक्की करताना

कारंज्याच्या मोटारस्टँडसमोर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एका बाकावर रहमतुल्ला बसलेला असे. समोर कडुनिंबाच्या सावलीत त्याची काळी ॲम्बॅसिडर. फलक नव्हता, फोन नव्हता. बाक हीच कचेरी आणि गाडी हीच जाहिरात. तरुणपणी तो सरकी काढण्याच्या कारखान्यात यंत्रांना तेल घालत असे. पुढे एका कापूस व्यापाऱ्याचा ड्रायव्हर झाला. व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी रहमतुल्लाने हप्त्यांनी विकत घेतली, तिला भाड्याचा परवाना काढला, आणि वयाच्या पंचेचाळिशीत तो स्वतःचा मालक झाला. मालक झाल्यावरही तो गाडीच्या मागच्या आसनावर कधी बसला नाही. ती जागा गिऱ्हाइकाची, असे तो म्हणे.

भाड्याचा व्यवहार त्याच्या दृष्टीने केवळ पैशांचा नव्हता. अनोळखी नव्हे, पण परक्या घरातील माणसे आपल्या हाती जीव देऊन बसतात, तेव्हा कोणी कोणावर कशासाठी विसंबायचे हे निघण्यापूर्वीच स्पष्ट व्हायला हवे, अशी त्याची धारणा होती. ती त्याने शब्दांत कधी मांडली नाही, रीतीत मांडली. बाकावर बोलणे होई, इसार घेतला जाई, तरी तो गाडी पक्की मानत नसे. निघण्याच्या आदल्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या दारी जाई, सामान ओट्यावर काढून ठेवायला लावी, प्रत्येक नग स्वतः उचलून पाही, आणि मग सारा प्रवास तोंडाने एकदा करून दाखवी. किती वाजता गाडी दारात, कोण कुठे बसणार, कोणते सामान डिकीत, कोणते वरच्या कॅरिअरवर, कुठे थांबायचे, पेट्रोल कोणी भरायचे, मुक्कामाचा भत्ता किती. हे ऐकून घेतल्यावर घरधनी ‘हो’ म्हणाला की गाडी पक्की.

या रीतीमागे अनुभव होता. एकदा एका गृहस्थाने ‘दोघं जण अन् एक पिशवी’ असे सांगितले, आणि सकाळी ओट्यावर दोघांच्या जोडीला शिवणयंत्र, वर त्या यंत्रासाठी निघालेली मावशी.

“मावशी सामानात धरू का सवारीत?” रहमतुल्लाने विचारले होते. ही कथा तो बाकावर बसून इतक्यांदा सांगे की मावशीचे गावही सर्वांना पाठ झाले होते.

त्याचा एक अभिमान मात्र रीतीपेक्षा मोठा होता. कोणत्या घराचे काय चालते हे आपल्याला विचारावे लागत नाही, असे त्याला वाटे. जैनांच्या घरी सूर्य मावळल्यावर ताट वाढले जात नाही, म्हणून त्यांची गाडी दिवस असताना मुक्कामी पोहोचली पाहिजे. सकाळी मंदिरात दर्शन झाल्याशिवाय घरातली वडीलधारी तोंडात काही घालत नाहीत, म्हणून त्यांना पहाटे निघा असे सांगू नये. उकळलेल्या पाण्याची झारी पायाशी ठेवावी, कारण बाहेरचे पाणी चालत नाही. हे सारे तो वर्षानुवर्षे पाहून शिकला होता, आणि ते बहुतेक खरेही होते. परंतु माणसांविषयी आपल्याला माहीत आहे असे वाटू लागले की त्यांना विचारणे थांबते. हा दोष रहमतुल्लासारख्या भल्या माणसातही शिरला होता, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

एकाहत्तर सालच्या कार्तिकात अमृतलाल बाकाशी आला. अमृतलालचे जैन मंदिराच्या गल्लीत कापडाचे दुकान होते. त्याची आई पानाबाई हिला पौर्णिमेच्या सुमाराला मुक्तागिरीच्या तीर्थाला न्यायचे होते. पर्युषणात उपवास करताना ती देवघरातच कोसळली होती. डॉक्टरांनी यापुढे एकही उपवास नको असे बजावले होते, आणि अमृतलालने आईकडून तसे वचन घेतले होते.

“उपास केला तर यात्रा बंद, असं साफ सांगतलं मी बाईले,” तो म्हणाला. आईला तो बाई म्हणत असे. त्या घरात तशीच रीत होती.

“बराबर केलं,” रहमतुल्ला म्हणाला. “किती जण?”

“मी, कंचन अन् बाई. सकाळी निघू, अमरावतीले माझं ठोक व्यापाऱ्याकडं काम हाय, ते अकरा वाजता दुकान उघडते. दुपारी तिथून निघालो का दिवस मावळाच्या आत धर्मशाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढू, अन् दर्शन झालं का वापस.”

रहमतुल्लाने क्षणात हिशेब बसवला. सकाळी बाई मंदिरात जातील, मग काही खाऊन घेतील. शिवाय रमजान सुरू होता. उजाडण्याआधीचे खाणे म्हणजे सहेरी, मग नमाज आणि थोडी झोप झाल्यावर निघणे त्यालाही सोयीचे होते.

“आठ वाजता गाडी दारात,” तो म्हणाला. मुक्तागिरी मध्य प्रदेशच्या हद्दीत, म्हणून सरहद्दीपलीकडच्या परवान्याचा खर्च गिऱ्हाइकाचा, पेट्रोल निघताना, मुक्कामाचा भत्ता वेगळा, बाकी भाडे परत दारात उतरल्यावर. अमृतलालने इसार दिला. या सगळ्या बोलण्यात जिच्यासाठी गाडी ठरत होती तिला काय हवे, हा प्रश्न दोघांपैकी कोणाच्याही मनात आला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी ऊन कलू लागल्यावर रहमतुल्ला त्या घरी गेला. ओट्यावर सामान मांडलेले होते: एक पत्र्याची पेटी, दोन वळकट्या, फराळाचे डबे बांधलेली टोपली, आणि पितळी झारी. दाराच्या आत, चौकटीला टेकून पानाबाई बसली होती. तिचा पदर आणि जपमाळ धरलेला हात एवढेच बाहेरून दिसत होते. कंचनबाई, अमृतलालची बायको, सामानाजवळ उभी होती.

“आरं काका, उभे काहून? बसा ना,” ती म्हणाली.

“बसलो तर सामान कोण उचलीन? तुमचा नवरा?” रहमतुल्लाने पेटी उचलली आणि तोंड वाकडे केले. “हे काय घेतलं पोरी? यात्रेले चालली का दुकान मांडाले?”

“बाईचं लुगडं, याईचं धोतर, अन् पूजेचं सामान.”

“धोतर लोखंडाचं नेसते का काय अमृतलाल?”

अमृतलाल हसला. “काका, तुमची गाडी म्हातारी झाली, ते सांगा ना सरळ.”

“म्हातारी हाय म्हणून तर इज्जतीनं चालते. हे पेटी डिकीत. वळकट्या वर. टोपली पोरीच्या मांडीजवळ. झारी बाईच्या पायाशी.”

“झारी वर राहू द्या, काका,” कंचनबाई एकदम म्हणाली. “कॅरिअरवर बांधा.”

रहमतुल्लाचा हात थांबला. इतक्या जैन कुटुंबांना त्याने इतक्या तीर्थांना नेले होते. झारी कॅरिअरवर बांधा असे आजवर कोणी म्हटले नव्हते.

“वर सांडते पाणी. अन् रस्त्यात बाईले तहान लागन तवा मी काय टपावर चढू?”

कंचनबाईने नवऱ्याकडे पाहिले. अमृतलाल पेट्रोलचे पैसे आणायला आत गेला तसे तिने टोपलीची दोरी आवळण्याचे निमित्त केले आणि हळूच सांगितले. बाईंनी नियम घेतला होता. मुक्तागिरीचे दर्शन होईस्तोवर अन्न नाही, पाणी नाही. झारी नजरेसमोर नको, असे त्यांनीच म्हटले होते. मुलाला कळले तर यात्रा रद्द होईल, म्हणून त्याला सांगायचे नव्हते.

“आज दिवस मावळाच्या आधी जेवतीन, पाणी पितीन. मंग परवा सकाळी डोंगरावर दर्शन झाल्यावर,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मले शपथ घातली त्याईनं. मी काय करू, काका?”

रहमतुल्ला झारीकडे पाहत राहिला. त्याचाही रोजा होता. तहान म्हणजे काय हे त्या घटकेला त्याचा घसाच त्याला सांगत होता. पण त्याची तहान थोड्याच वेळात संपणार होती. देवघरात कोसळलेली ही म्हातारी उद्याचा सगळा दिवस, त्यावर सगळी रात्र, आणि नंतर डोंगर, असा प्रवास करणार होती. आणि तो प्रवास त्यानेच ठरवला होता. आठ वाजता हा शब्द त्याचा होता. पहाटे निघाले असते तर उद्याच सकाळी दर्शन झाले असते. आपण जैनांची रीत जाणून आठ म्हटले, की रमजानची झोप सोडवेना म्हणून, हे त्याने स्वतःला विचारले. उत्तर त्याला आवडले नाही.

अमृतलाल पैसे घेऊन बाहेर आला. “हे घ्या पेट्रोलचे. मंग आठ वाजता?”

“आठ नाई. पहाटे चार.”

“चार? काहून?”

“चार वाजता निघू अन् सरळ डोंगराच्या पायथ्याशी जाऊ. उद्या सकाळीच दर्शन.”

“अन् अमरावतीचं काम?”

“परवा, वापस येताना. व्यापारी काही पळून नाई जात.”

“तुमीच आठ म्हणलं होतं ना, काका? इसार घेतला, परवाना काढला, अन् आता सामान उचलून झाल्यावर वेळ फिरवून राह्यले?” अमृतलालचा आवाज चढला. “कारण काय ते तर सांगा.”

कारण रहमतुल्लाच्या जिभेवर होते, पण ते त्याचे नव्हते. सुनेने विश्वासाने सांगितलेले बोलून टाकावे, तर तिची शपथ मोडणार, आणि यात्राही बुडणार. गाडीत बिघाड आहे, रस्ता बंद होणार आहे, असे काही तरी सांगणे सोपे होते. पण सामान पाहून, रस्ता सांगून गाडी पक्की करणाऱ्या माणसाने त्याच ओट्यावर खोटे बोलावे, तर त्या पक्क्या करण्याला अर्थ काय राहिला? त्याने फक्त मान हलवली.

“चार वाजता. नाईतर मले जमत नाई.”

“नाई जमत? मंग फय्याजची जीप मोकळी हाय. त्याले सांगतो, आठ वाजता ये म्हणून.”

हा मात्र रहमतुल्लाचा चुकलेला डाव होता. जीपही आठलाच निघणार. वर उघडी गाडी, धूळ, आणि तसेच कोरडे तोंड. आपण ताठ उभे राहून बाईचे काहीच वाचवले नाही, उलट आणखी बिघडवले, हे त्याच्या ध्यानात आले. मग जे त्याने या घराच्या ओट्यावरच नव्हे, तर कोणत्याच घरी कधी केले नव्हते ते केले. अमृतलालकडे पाठ करून त्याने दाराच्या चौकटीकडे तोंड केले.

“बाई,” तो म्हणाला, “गाडी तुमच्यासाठी हाय. मी तुमाले काहीच नाई इचारलं. हे माझं चुकलं. आता इचारतो. कवा निघाचं?”

जपमाळ थांबली. परपुरुषाने घरधन्याला ओलांडून आतल्या बाईला थेट प्रश्न विचारावा, हे त्या ओट्याला नवे होते. आत हालचाल झाली, आणि पानाबाई चौकटीला धरून उभी राहिली. ती लहानखुरी होती. पदर कपाळावर ओढलेला, पण आवाज स्वच्छ.

“चार वाजता,” ती म्हणाली.

“बाई, तुले काय कराचं चार वाजता?” अमृतलाल म्हणाला. “आरामात जाऊ ना.”

“मुक्तागिरी दिसस्तोवर मी पाणी घेणार नाई.”

अमृतलालने बायकोकडे पाहिले. तिने मान खाली घातली. मग रहमतुल्लाकडे पाहिले, आणि झारीकडे, आणि सगळे त्याच्या लक्षात आले.

“तू मले वचन देलं होतं.”

“उपास न कराचं देलं होतं. हा उपास नाई.”

“पाणी नाई, अन्न नाई, मंग उपास कशाले म्हणते?”

“उपास पुण्यासाठी करते, अमृत. पुण्य पुरे झालं मले.” तिला धाप लागली होती, ती थांबून बोलत होती. “तुझे बाबा होते तवा दरसाल जाऊ म्हणत. दुकान, तुमची लग्नं, आजार. कवा झालंच नाई. आता जाऊन राह्यली तर खाऊनपिऊन, मजेत गेल्यासारखी नाई जावंशी वाटत. तोंड कोरं ठेवून जाईन. बस.”

“अन् रस्त्यात कोसळली तर?”

“मंग पाणी पाज. मी कोसळल्यावर तुले कोण अडवणार हाय?”

कंचनबाई रडता रडता हसली. अमृतलालला हसू आले नाही. यात्रा रद्द करण्याचा अधिकार त्याच्या हाती होता, आणि ते इतर तिघांनाही ठाऊक होते. आईवर प्रेम होते म्हणून त्याने वचन घेतले होते. पण प्रेमाने घेतलेले वचनही माणसाभोवती कुंपण घालते, आणि त्या कुंपणाआड आई त्याच्याशी बोलेनाशी झाली होती, हे त्याला आज दिसले. तो ओट्याच्या कडेला बसला.

“काका,” तो म्हणाला, “चार वाजता निघालो तर पोचू कवा?”

“ऊन तापाच्या आत. सकाळी पायथ्याशी डोलीवालेबी भेटते. दुपारी गेलं तर त्याईचे खांदे थकलेले राह्यते.”

“डोली बाईची पक्की कराची. पायऱ्या चढू द्याच्या नाईत.”

“चढीन मी,” पानाबाई म्हणाली.

“बाई!”

“बरं. डोली.”

अशी पुन्हा, आरंभापासून, गाडी पक्की झाली. मात्र या वेळी रहमतुल्ला प्रत्येक गोष्ट सांगून थांबे, आणि घरधन्याबरोबर चौकटीकडेही पाही. चार वाजता गाडी दारात. हॉर्न वाजवायचा नाही, गल्ली झोपलेली असेल. पेटी डिकीत, वळकट्या वर. झारी कुठे?

“माझ्या पायाशी,” पानाबाई म्हणाली. “आता लपवाचं काय उरलं?”

पेट्रोल निघताना, मुक्कामाचा भत्ता तिथे, उरलेले भाडे परत आल्यावर. त्यात फरक नाही. अमरावतीचे काम येताना. जाताना धनज, लोणी, बडनेरा, अमरावती, परतवाडा. चहाला कुठेही थांबायचे नाही.

“थांबाचं,” पानाबाई म्हणाली.

“कोठी, बाई?”

“तुमचा रोजा हाय ना? चार वाजता निघाल तर सहेरी?”

रहमतुल्ला गोंधळला. इतक्या वर्षांत गाडीत बसणाऱ्याने त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी केली नव्हती, आणि त्यानेही कोणाला ती संधी दिली नव्हती. “घरून खाऊन निघतो. सकीना उठवते.”

“अन् सकाळची नमाज?”

“बडनेऱ्याच्या अलीकडं उजाडू लागन. पण तुमाले उशीर...”

“तिथं थांबा. मी बसून राहीन. माझी माळबी तवाच होते.”

दुसऱ्या दिवशी गाडी ठरल्याप्रमाणे निघाली. बडनेऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला रहमतुल्लाने चादर अंथरली, आणि मागच्या काचेआड जपमाळ फिरत राहिली. अमरावती मागे पडली तेव्हा ऊन वर आले. पूर्णेच्या पुलावर पानाबाईची मान एकदा कलली. अमृतलालने झारीचे झाकण काढले. तिने डोळे न उघडता त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्याने झाकण पुन्हा लावले. रहमतुल्ला आरशातून सारे पाहत होता. खड्ड्यांतून गाडी हळू न्यावी की लवकर पोहोचवावी, हे त्याला त्या सबंध वाटेत ठरवता आले नाही.

पायथ्याशी डोलीवाले मिळाले. पानाबाई डोलीत बसली, मुलगा एका बाजूने, झारी घेतलेली सून दुसऱ्या बाजूने, आणि ती मंडळी झाडीत वळून दिसेनाशी झाली. रहमतुल्लाचे काम तिथे थांबत होते. ड्रायव्हर गाडीपाशी थांबतो. त्याने बॉनेट उघडले, काही बिघडले नसताना तारा तपासल्या, फडक्याने पुसलेले पुन्हा पुसले. वरून उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या चेहऱ्यांवर काही दिसते का ते तो पाहत होता. एका बाईला डोलीत आणलेले पाहिले का, असे एकाला विचारावे म्हणून तो पुढे झाला, आणि न विचारताच मागे आला.

मग पायऱ्यांवरून अमृतलाल एकटाच येताना दिसला. तो भराभर उतरत होता, सदरा घामाने भिजलेला. रहमतुल्लाच्या हातातले फडके तसेच राहिले.

“काका!” अमृतलालने खालच्या वळणावरूनच हाक दिली. “घेतलं पाणी! डोली सोडली अन् शेवटच्या पायऱ्या पायी चढली. ऐकलं नाई कोणाचं. दर्शन केलं, बसली, अन् पाणी पेली. आता कंचन तिले खाऊ घालून राह्यली.”

रहमतुल्लाने बॉनेट लावले. ते एकदा नीट बसले नाही, म्हणून दुसऱ्यांदा दाबले.

“हे सांगाले पळत आला खाली? पाय मोडला असता तर तुलेच डोली पायजे होती.”

“हे सांगाले नाई.” अमृतलाल धापा टाकत होता, आणि हसत होता. “बाईनं पाठवलं. उद्याची गाडी पक्की कराची हाय म्हणे. किती वाजता निघाचं?”

“ते बाईले इचार ना. मी कोण सांगणारा?”

“तिले इचारलं मी आधी.”

“मंग?”

“ते म्हणते, रहमतभाईची सहेरी कवा होते ते पयले इचारून ये.”